पाचजणींची जबाबदारी : बांगलादेशच्या ग्रामीण बँकेचा इतिहास

बचतगटांच्या स्मरणिकेत शेजारच्या देशातल्या बँकेचा इतिहास कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. आज आपल्याकडे बहुतेक गावांत दोन तऱ्हेचे गट दिसतात. पहिला आपला बचतगट. दहा-वीस बायका, दरमहा ठरलेली बचत, त्या बचतीतून अंतर्गत कर्ज आणि पुढे बँकेचे गटाच्या नावाने कर्ज. दुसरा ‘फायनान्सवाल्यांचा’ गट. त्यात कर्ज प्रत्येकीच्या नावावर वेगळे असते, बचतीचा विषय सहसा निघत नाही, हप्ता आठवड्याला किंवा पंधरवड्याला असतो आणि एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांना बसवून ठेवतात. पहिल्या गटाची कुळकथा आपल्या कार्यकर्त्यांना पाठ आहे. नाबार्डने १९९२ साली पाचशे गटांपासून बँकजोडणीचा प्रयोग सुरू केला, ती ही वाट. दुसऱ्या गटाचे मूळ मात्र बांगलादेशात, चितगाव विद्यापीठाला लागून असलेल्या जोबरा नावाच्या गावात आहे. ते मूळ पाहिले की फायनान्सच्या कागदावर आपण नेमकी कशावर सही करतो, हे उमगते.

जोबरा, १९७६

मुहम्मद युनूस तेव्हा चितगाव विद्यापीठात अर्थशास्त्राचे विभागप्रमुख होते. अमेरिकेत शिकून आणि शिकवून ते १९७२ मध्ये मायदेशी परतले आणि दोनच वर्षांनी, १९७४ मध्ये, देशात मोठा दुष्काळ पडला. वर्गात शिकवलेले सिद्धांत आणि बाहेर रस्त्यावर मरणारी माणसे यांचा मेळ बसेना, तेव्हा विद्यार्थ्यांना घेऊन ते शेजारच्या गावात हिंडू लागले.

तिथे बांबूचे मोडे विणणारी एक बाई त्यांना भेटली. बांबूसाठी लागणारे पाच टके ती व्यापाऱ्याकडून उसने घेई. अट अशी, की तयार मोडा त्यालाच आणि तो सांगेल त्या भावाने विकायचा. दिवसभराच्या कामाचे तिच्या हाती पन्नास पैसे उरत. तिच्यापाशी कसब होते, मेहनत होती, मालाला गिऱ्हाईकही होते. नव्हते ते फक्त पाच टके. युनूस यांनी विद्यार्थिनीकरवी गावात अशा लोकांची यादी केली. त्यात ४२ नावे निघाली आणि सगळ्यांची मिळून गरज भरली ८५६ टके. तेव्हाच्या हिशेबाने हे सत्तावीस डॉलर होतात. ही रक्कम त्यांनी स्वतःच्या खिशातून दिली.

पण प्राध्यापकाच्या खिशातून गावाचा कर्जपुरवठा चालत नाही. म्हणून ते विद्यापीठाच्या आवारातल्या जनता बँकेच्या शाखेत गेले. तिथे मिळालेले उत्तर मला अगदी ओळखीचे वाटते, कारण ग्रामीण शाखेत काम करताना मीही ते कित्येकांना दिले आहे. कर्जदाराला लिहिता-वाचता येत नाही, फॉर्म कोण भरणार? रक्कम इतकी लहान, की कागदाचा खर्चही निघणार नाही. आणि तारण काय? अखेर युनूस स्वतः जामीन राहिले. बरीच पत्रापत्री झाल्यावर दहा हजार टक्यांपर्यंतचे कर्ज मंजूर झाले आणि कागदोकागदी त्यांच्या सह्या झाल्या.

इथे क्षणभर थांबून तारण कशासाठी घेतात, ते पाहू. कर्ज बुडाले तर वस्तू विकून पैसे वसूल करायचे, एवढाच त्याचा उपयोग असल्याचे लोकांना वाटते. प्रत्यक्षात विक्रीपर्यंत प्रकरण क्वचित जाते. तारणाचे खरे काम आधीचे असते. समोरचा माणूस सचोटीचा की उडाणटप्पू, हे बँकेला ठाऊक नसते. पण जो स्वतःच्या जमिनीचा सातबारा टेबलावर ठेवतो, तो परतफेडीची खात्री असल्याशिवाय ठेवत नाही. पैसे घेतल्यावर तो सांगितलेल्या कामालाच लावतो की नाही, हेही बँकेला पाहता येत नाही. जमीन अडकलेली असेल तर तो आपणहून जपतो. म्हणजे माणसाविषयी बँकेला जी माहिती नसते, तिची भरपाई तारण करते. जामीनदाराचेही तसेच. आमच्याकडे जामीनदार कर्जदाराहून सुस्थितीतला लागे, नोकरदार असला तर उत्तम. ज्याला कोणी सुस्थितीतला माणूस ओळखतच नाही, त्याच्यासाठी हे दार आपोआप बंद होते.

जोबरात उत्तर सापडले ते असे, की ही माहिती गावात असतेच, फक्त ती बँकेपाशी नसते. कोणाची म्हैस आटली आहे, कोणाचा नवरा पैसे उडवतो, कोण दिलेला शब्द पाळते, हे शेजारणीला बँकेच्या अधिकाऱ्यापेक्षा चांगले ठाऊक असते. प्रश्न इतकाच, की तिने ते बँकेच्या फायद्यासाठी वापरावे कसे?

गरिबांनी एकमेकांची हमी घ्यायची, ही कल्पना तशी नवी नव्हती. जर्मनीत रायफायझेन यांनी एकोणिसाव्या शतकात शेतकऱ्यांच्या पतसंस्था काढल्या, त्या सभासदांच्या अमर्याद जबाबदारीवर उभ्या होत्या. आपल्याकडच्या १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यात ग्रामीण सोसायट्यांसाठी तेच तत्त्व आले. संस्था बुडाली तर कोणाही सभासदाच्या मालमत्तेवर टाच येऊ शकत असे. पण त्यात टाच येण्याजोगी मालमत्ता सभासदाकडे असणे गृहीत धरलेले होते. जोबरातल्या लोकांकडे ती नव्हती. म्हणून तिथे हमीचा अर्थच बदलावा लागला.

नियम कसे बनले

पहिली पद्धत रोजच्या हप्त्याची होती. कर्जदाराने दररोज गावातल्या पानवाल्याकडे पैसे द्यायचे आणि त्याने वहीत नोंद करायची. थोड्याच दिवसांत वाद सुरू झाले. एक म्हणे मी दिले, पानवाला म्हणे नाही दिले. मग हप्ता आठवड्यावर आला, आणि पैसे कोणा एकाच्या हाती न देता सगळ्यांसमोर मोजून द्यायचे ठरले. मला हा बदल गटाच्या कल्पनेइतकाच मोलाचा वाटतो. पुढे जे घडले त्याचा अर्धा भाग या उघड्यावरच्या मोजणीत आहे.

बांगलादेश बँकेच्या एका अधिकाऱ्याने शंका काढली, की जोबरात हे जमते ते प्राध्यापकांच्या वजनामुळे, तुम्ही दुसऱ्या जिल्ह्यात करून दाखवा. युनूस यांनी विद्यापीठातून रजा घेतली आणि १९७९ मध्ये टांगाइल जिल्ह्यात काम सुरू केले. तिथे ते टिकले. १९८२ पासून शेतीविकासाच्या आंतरराष्ट्रीय निधीच्या मदतीने ते आणखी जिल्ह्यांत पसरले. १९८३ मध्ये सरकारने खास अध्यादेश काढला आणि त्या वर्षी २ ऑक्टोबरला ग्रामीण बँक रीतसर बँक झाली. बहुतेक भांडवल सरकारचे असले, तरी कर्जदारांनाही भागधारक करून घेतले होते. पुढे कर्जदारांचा वाटा वाढत जाऊन सरकारचा नाममात्र उरला आणि तेरा जणांच्या संचालक मंडळात नऊ जागा कर्जदार स्त्रियांना मिळाल्या.

या काळात घट्ट झालेली घडण अशी होती. अर्धा एकरापेक्षा कमी कसती जमीन असलेल्या पाचजणींनी आपणहून एकत्र यायचे. बँक गट बनवून देत नसे. एका गटात रक्ताच्या नात्यातल्या दोघी चालत नसत, कारण सख्ख्या बहिणीची थकबाकी बहीण लपवते. निदान आठवडाभर रोज प्रशिक्षण, नियम तोंडपाठ, सही करायला शिकणे, आणि मग बँकेच्या अधिकाऱ्यापुढे तोंडी परीक्षा. पाचांपैकी एक जरी अडखळली तरी सगळ्या गटाने पुन्हा तयारी करायची. अशा सहा-आठ गटांचे मिळून एक केंद्र. आठवड्यातून एकदा ठरल्या वेळी केंद्राची सभा, एका गटाच्या पाचजणी एका रांगेत, आणि बँकेचा कार्यकर्ता सगळ्यांदेखत हप्ते मोजून घेणार.

कर्ज एकदम पाचजणींना मिळत नसे. आधी गटातल्या सर्वांत गरजू दोघींना. त्यांचे हप्ते चार-सहा आठवडे बिनचूक आले की पुढच्या दोघींना. त्यांचेही तितके आठवडे नीट गेले की शेवटी गटप्रमुखबाईला. कर्जाची मुदत एक वर्ष, पन्नास साप्ताहिक हप्ते, दर हप्त्याला मुद्दलाचा पन्नासावा भाग. व्याज १९९० च्या दशकात वीस टक्के होते, पण घटत्या शिलकीवर. म्हणजे हजार टके घेणारी वर्षभरात सुमारे अकराशे फेडत असे. शिवाय आठवड्याला एक टका बचत आणि कर्जातून पाच टक्के कापून गटाच्या निधीत.

आता हमीविषयी. एकीने पैसे बुडवले तर उरलेल्या चौघींवर बँक दावा लावत नसे. शिक्षा एकच होती : थकबाकी मिटेपर्यंत गटातल्या कोणालाही पुढचे कर्ज नाही. जप्त करण्यासारखे काही नसलेल्या बाईकडे गमावण्यासारखे एक होते, ते म्हणजे पुढच्या वर्षीचे कर्ज. बँकेने त्यालाच तारण बनवले आणि त्याची किल्ली चार शेजारणींच्या हाती दिली.

हे चालते कसे

अर्थशास्त्रज्ञांचे लक्ष इकडे नंतर गेले. १९९० मध्ये जोसेफ स्टिगलिट्झ यांनी शेजाऱ्यांच्या परस्पर देखरेखीचा मुद्दा मांडला. त्या दशकाच्या अखेरीस मैत्रीश घटक यांनी दाखवले, की देखरेखीच्याही आधी गट बनतानाच निम्मे काम होऊन गेलेले असते. त्यांचा मुद्दा कागद-पेन्सिलीने तपासता येतो.

समजा गावात निम्म्या बायका भरवशाचा धंदा करतात आणि कर्ज नेहमी फेडतात. उरलेल्या निम्म्यांचा धंदा जोखमीचा आहे. चालला तर चांगला चालतो, पण चारांतून एकदा बसतो. बँकेला दोघींतला फरक कळत नाही. शंभर टके वर्षभर वापरायला देण्यासाठी बँकेला खर्चासकट एकशेदहा परत हवेत. एकेकटीला कर्ज दिले तर शंभरातल्या साडेबारा कर्जांचे पैसे येणार नाहीत. ती तूट भरून काढायला प्रत्येकीकडून जवळपास १२६ घ्यावे लागतील. म्हणजे भरवशाची बाई दुसरीच्या जोखमीचे व्याज भरते. तिला ते परवडत नाही आणि ती कर्जाच्या वाटेलाच जात नाही. मग बँकेकडे उरतात त्या फक्त जोखमीच्या, आणि व्याज आणखी चढते.

आता दोघीदोघींची जोडी करा आणि एकीचे बुडाले तर दुसरीने भरायचे, असा नियम ठेवा. भरवशाची बाई जोखमीच्या बाईला सोबत घेणार नाही, तिच्यासारखीच शोधील. जोखमीच्या बाईलाही मग तिच्यासारखीच सोबतीण मिळते. तिच्या जोडीत दोघीही एकाच वेळी बुडण्याची शक्यता सोळांत एक. एरवी जिचे चालले ती दुसरीचे भरते, कारण चांगल्या वर्षात तिची मिळकत मोठी असते. हिशेब पुन्हा मांडला, तर बँकेला एकशेदहा मिळवण्यासाठी आता प्रत्येकीकडून ११४ च्या आत पुरतात. बँकेला एका बाईचीही नवी माहिती मिळालेली नाही. गावातल्या माहितीप्रमाणे बायकांनीच स्वतःची विभागणी केली, आणि भरवशाच्या बाईसाठी कर्ज बारा टक्यांनी स्वस्त झाले.

नातेवाईक नकोत आणि गट आपणच बनवा, हे दोन नियम इतके कडक का होते, ते यावरून कळेल. वसुलीचे आकडे गाठण्यासाठी कार्यकर्ता स्वतःच नावे जुळवून गट भरतो, तेव्हा या पद्धतीचा पाया तिथेच निखळतो. आपल्याकडे असे भरलेले गट मी पाहिले आहेत. पाचही पुस्तके एकीच्या घरी असतात, पैसाही तीच वापरते आणि चौघी फक्त सहीपुरत्या. असा गट ओळखणे अवघड नाही. सभेत हप्ते वेगवेगळ्या हातांतून येतात की एकाच पाकिटातून, एवढे पाहिले तरी पुरे.

कुठे तुटते

एका गटाचा हिशेब मांडू. पाचजणींनी हजार-हजार टके घेतले आहेत आणि प्रत्येकीचा हप्ता आठवड्याला वीस टके. विसाव्या आठवड्यानंतर एकीची गाय मेली. तिचे चारशे फिटलेत, सहाशे बाकी आहेत. चौघींनी तिचा हप्ता वाटून घेतला तर प्रत्येकीला वीसऐवजी पंचवीस भरावे लागतात. पाच टके जास्त. पुढच्या वर्षी दीड हजाराचे कर्ज मिळणार असेल तर बहुतेक चौघी हे करतात, आणि गाय मेलेलीकडून नंतर फेडूनही घेतात. इथे गट हा एक प्रकारे विमाच झाला.

दोघी थांबल्या तर तिघींवर हप्ता तेहतीस टक्यांच्या वर जातो. चौघी थांबल्या तर उरलेल्या एकीला आठवड्याला शंभर भरावे लागतील. त्यापेक्षा तीही थांबेल. ती भरायला तयार आणि समर्थ होती, तरीसुद्धा थांबेल, कारण इतरांचे भरल्याशिवाय पुढचे कर्ज मिळणारच नाही. मग स्वतःचे तरी का भरायचे? टिमोथी बेस्ली आणि स्टीफन कोट यांनी १९९५ मध्ये याच उलट्या धारेवर बोट ठेवले. सामाईक जबाबदारी एकट्यादुकट्या अडचणीत वसुली वाढवते आणि सामुदायिक संकटात भरणारीलाही थकबाकीदार करते.

ग्रामीण बँकेने हे दोन्ही अनुभवले. १९९५ मध्ये अनेक केंद्रांच्या सभांवर बहिष्कार पडला. कर्जातून कापलेले पाच टक्के गट सोडतानाही परत मिळत नसत, यावरचा तो राग होता. कर्जदारांचे नवरे आणि स्थानिक पुढारी त्यात पुढे होते. बँकेने नियम सैल केले, पण मोडलेली सवय पुरती सांधली गेली नाही. मग १९९८ चा पूर आला. जवळपास निम्मा देश दहा आठवडे पाण्याखाली राहिला. एका केंद्रातल्या चाळीस जणींची भाते, कोंबड्या, माग, सगळे एकाच आठवड्यात गेले. शेजारीण शेजारणीला काय सांभाळणार? बँकेने पुरानंतर नवी कर्जे दिली, ती जुन्यावर चढली, हप्ते वाढले आणि अनेकींनी सभेला येणेच सोडले.

आकड्यांविषयीही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. ग्रामीण बँकेची वसुली अठ्ठ्याण्णव टक्के, हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. जोनाथन मॉर्डक यांनी १९९९ मध्ये जुने हिशेब तपासले. बँक वेगाने वाढत असताना यंदाच्या फुगलेल्या कर्जरकमेने मागची थकबाकी भागली, तर टक्केवारी लहान दिसते. कर्ज दिले त्या वेळच्या रकमेने भागल्यावर १९८५ ते १९९६ या काळातली थकबाकी बँकेच्या १.६ टक्क्यांऐवजी सरासरी ७.८ टक्के निघाली. विनातारण कर्जाला हा आकडाही वाईट नाही. पण आपल्या संघाच्या वार्षिक अहवालातली टक्केवारी वाचतानासुद्धा खाली कोणती रक्कम आहे, हे विचारायला हवे.

दबावाची बाजू आकड्यांत दिसत नाही. अमिनूर रहमान या मानववंशशास्त्रज्ञाने टांगाइलच्या एका गावात राहून जे पाहिले, ते असे. सभेत रक्कम पुरी होईपर्यंत कार्यकर्ता उठत नाही, आणि तोपर्यंत बायकाही उठू शकत नाहीत. घरची कामे खोळंबलेल्या चाळीस जणींचा राग त्या एकीवर निघतो. मग ती सावकाराकडे किंवा दुसऱ्या संस्थेकडे धावते आणि हप्ता भरते. बँकेच्या वहीत ते कर्ज सुरळीत दिसते. ज्या बदनामीच्या भीतीवर ही हमी उभी आहे, ती भीती बाईच्याच वाट्याला येते. नवऱ्याने पैसा वापरला असला तरी बोलणी तिलाच बसतात. सुरुवातीला पुरुषांचेही बरेच गट होते आणि पुढे कर्जदारांत पंचाण्णव टक्क्यांहून अधिक स्त्रिया झाल्या. त्याचे श्रेय स्त्रीच्या काटकसरीला दिले जाते, आणि ते खरेही आहे. पण ती घरीच सापडते, गाव सोडून जात नाही आणि चारचौघांत बोल लागलेला तिला सोसत नाही, हेही तितकेच खरे कारण आहे.

बँकेने स्वतःच काय केले

२००० साली ग्रामीण बँकेने आपली पद्धत नव्याने बांधायला घेतली आणि ऑगस्ट २००२ पर्यंत सगळ्या शाखा नव्या पद्धतीवर आल्या. कर्जाची मुदत आणि हप्ता कर्जदाराच्या मिळकतीप्रमाणे ठरू लागला. जिला भरणे जमत नाही, तिच्यासाठी लहान हप्त्यांचे आणि लांब मुदतीचे लवचीक कर्ज आले. त्यामुळे तिला बुडीत ठरवून गटाला शिक्षा करण्याची गरज उरली नाही. सक्तीचा गटनिधी गेला. त्याऐवजी स्वतःच्या नावावरची बचत आणि दरमहा थोडी रक्कम भरण्याची दहा वर्षांची पेन्शन योजना आली. आणि सर्वांत महत्त्वाचे, एकीच्या थकबाकीसाठी दुसरीला जबाबदार धरायचे नाही, असे बँकेने स्पष्ट जाहीर केले. पाचजणींचा गट आणि साप्ताहिक सभा मात्र ठेवली.

२००६ मध्ये युनूस आणि ग्रामीण बँक यांना शांततेचे नोबेल विभागून मिळाले, तेव्हा जगभर पाचजणींच्या सामाईक हमीचे गोडवे गायले गेले. त्या हमीशी बँकेने चार वर्षांपूर्वीच फारकत घेतली होती, हे फार थोड्यांनी लिहिले.

हमी काढली तर वसुली कोसळते का, याची एक चांगली परीक्षा फिलिपाइन्समधल्या लेयते बेटावर झाली. तिथल्या ग्रीन बँकेने २००४ मध्ये चालू केंद्रांपैकी काही चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडली आणि त्यांच्यातली सामाईक जबाबदारी रद्द केली. सभा आणि हप्ते पूर्वीसारखेच ठेवले. झेवियर जिने आणि डीन कार्लन यांनी तीन वर्षे हिशेब पाहिला. थकबाकी वाढली नाही. यावरून हमी निरुपयोगी होती, असा निष्कर्ष घाईचा ठरेल, कारण त्या बायका हमीच्या काळातच एकमेकींनी पारखून घेतलेल्या होत्या. त्याच अभ्यासात असेही दिसले, की नव्या गावात वैयक्तिक जबाबदारीवर कर्ज द्यायला बँकेचे कर्मचारी कचरत होते. माहीत नसलेल्या गावात शिरायला गट लागतो. एकदा ओळख झाली की शिक्षेची गरज कमी होते.

कोलकात्यातल्या एका अभ्यासात दर आठवड्याला भेटणाऱ्या आणि महिन्याला भेटणाऱ्या गटांची तुलना झाली. दर आठवड्याला भेटणाऱ्या बायकांचे एकमेकींकडे जाणेयेणे वाढले आणि पुढच्या कर्जात त्यांची थकबाकी कमी राहिली. माझे मत या दोन्ही अभ्यासांच्या आधीपासून तेच आहे. तारणाची जागा घेतली ती शेजारणींच्या पारखीने, उघड्यावर मोजलेल्या हप्त्याने आणि पुढच्या कर्जाच्या खात्रीने. एकीचे दुसरीने भरायचे, ही अट गट जमवताना कामाची होती. गट जमल्यावर तिचा उपयोग कमी आणि जाच जास्त झाला.

इकडे, आपल्या गावांत

भारतातल्या फायनान्स कंपन्यांनी ग्रामीण बँकेची जुनी, २००० पूर्वीची पद्धत उचलली आणि तीत बरेच कापले. प्रशिक्षण दोन-तीन दिवसांवर आले, बचत गेली, गट भरण्याची घाई वाढली. एकाच बाईकडे तीन-चार कंपन्यांची कर्जे झाली, की शेजारणीची पारख चालत नाही, कारण दुसऱ्या कंपनीचा हप्ता कोणत्या वारी असतो, हे तिला ठाऊक नसते. आंध्र प्रदेशात २०१० मध्ये याचा स्फोट झाला आणि राज्य सरकारने अध्यादेश काढून वसुलीच रोखली. महाराष्ट्रात, विशेषतः विदर्भात, नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर हप्ते थांबले. आधी रोख नव्हती म्हणून, आणि मग कर्ज माफ होणार अशी आवई उठली म्हणून. ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनीही भरणे बंद केले. वर मांडलेला चौघी थांबल्यावरचा हिशेब तो हाच.

रिझर्व्ह बँकेचे मार्च २०२२ चे नियम कार्यकर्त्यांनी माहीत करून घ्यावेत. मायक्रोफायनान्सचे कर्ज तीन लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबाला, तारण न घेता द्यायचे. घरातल्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. वसुलीची जागा दोघांनी मिळून ठरवायची, आणि सकाळी नऊच्या आधी किंवा संध्याकाळी सहानंतर वसुलीचा फोन करायचा नाही.

म्हणून आपल्या प्रत्येक गटप्रमुखताईला विनंती, की आपल्या वस्तीत फायनान्सचा नवा गट उभा राहत असेल तेव्हा सहीआधी चार गोष्टी विचारून घ्याव्यात. गट कोणी निवडला? एकीचे थकले तर चौघींवर नेमके काय येते, आणि ते कागदावर लिहिले आहे का? पूर किंवा दुष्काळ आला तर हप्ता पुढे ढकलता येतो का? आणि घरातले सगळे हप्ते मिळवून बेरीज किती होते? उत्तरे मिळेपर्यंत सही करू नका, आणि शेजारणीलाही करू देऊ नका.